भोकांपेक्षा नियम मोजा

कंट्रोल पॅनेलचं एक झाकण सॉलिडवर्क्समध्ये काढायचं होतं. पत्रा 1.6 मिमी जाडीचा, माप 300 × 200. डावीकडे हवेसाठी चौकोनी जाळी, उजवीकडे 120 मिमीच्या पंख्यासमोर गोल जाळी आणि कडेने स्क्रूंची सात भोकं. पंख्याच्या स्वतःच्या चार स्क्रूंखेरीज एकूण तीनशे भोकं होतात, पण ती कुठे बसायची हे ठरवणारे नियम मोजकेच आहेत. काढायचे ते नियम.

चौकोनी जाळीचा नियम सरळ आहे. डाव्या आणि खालच्या कडेपासून 20 मिमीवर 5 मिमीचं एक भोक कापलं आणि त्यावर लिनिअर पॅटर्न लावला. आडवी 13, उभी 17, अंतर दोन्हीकडे 10. संख्येत मूळ भोकही धरलं जातं, त्यामुळे 13 भोकांत 12 अंतरं येतात आणि जाळी 120 मिमी पसरते. 221 भोकं झाली.

खरी कसोटी गोल जाळीची. पंख्याच्या मध्यभागी मोटर असते, तिथून हवा जात नाही, म्हणून पहिलं वलय 30 मिमी त्रिज्येवर घेतलं, पुढची 40 आणि 50 वर. तिन्ही त्रिज्यांवर एकेक भोक घेऊन एकच सर्क्युलर पॅटर्न फिरवायचा मोह होतो. तसं केलं तर प्रत्येक वलयात सारखीच भोकं पडतात. बाहेर 30 छान दिसतात, पण आतल्या वलयात तीच 30 दाटीने बसतात. त्यांच्या केंद्रांमध्ये 6.27 मिमी अंतर राहतं, म्हणजे दोन भोकांमधली पट्टी 1.27 मिमी, पत्र्याच्या जाडीपेक्षाही कमी. पंचिंग करताना अशी पट्टी वाकते किंवा फाटते. म्हणून प्रत्येक वलयाला वेगळा पॅटर्न दिला: 18, 24 आणि 30. त्रिज्या 10 ने वाढली की भोकं सहाने वाढवायची, मग तिन्ही वलयांत केंद्रांमधलं अंतर सुमारे 10.4 मिमी राहतं.

कडेच्या स्क्रूंना बिजागऱ्या आणि कुलूप टाळायचं असतं, त्यामुळे त्यांच्यात समान अंतर नाही. तिथे एका स्केचमध्ये फक्त बिंदू मांडले, प्रत्येकाला कडेपासून माप दिलं आणि स्केच ड्रिव्हन पॅटर्नला ते स्केच दाखवलं. कुलूप सरकलं तर बिंदूचं माप बदलायचं, भोक त्यामागे जातं.

जाळीच्या सगळ्या मूळ भोकांचा व्यास मी एकाच ग्लोबल व्हेरिएबलला जोडतो. हवा कमी पडली तर 5 चे 6 एका जागी होतात. पण त्यानंतर मेझर टूलने सगळ्यांत दाट जागची पट्टी मोजावीच लागते. वरच्या रचनेत ती 4 मिमी उरते. प्रत्येक वलयात 30 भोकं असती, तर 0.27 उरली असती, आणि सॉलिडवर्क्सने त्यावर कसलीच हरकत घेतली नसती. आकार तयार होतो तोवर त्याच्या लेखी मॉडेल बरोबरच असतं. पत्रा किती सोसेल, हे आपणच पाहायचं.