गरम पाइप, कोमट टाकी

अकोल्यातल्या एका गच्चीवर सोलरच्या तक्रारीसाठी चढलो होतो. घरमालकाने पॅनेलकडून टाकीत जाणाऱ्या पाइपकडे बोट दाखवलं. "इथून पानी त उकळतं येऊन राह्यलं भाऊ, मंग टाकी काऊन कोमट राह्यते?" हात लावला, तर खरंच चटका बसला. पण सोलरमध्ये पाइप तापला म्हणजे पॅनेल चांगलं काम करतंय, असं होत नाही.

हिशेब करून बघू. २ चौरस मीटरचं पॅनेल, १०० लिटरची टाकी. हिवाळ्यातली दुपार, दर चौरस मीटरवर ९०० वॅट ऊन, हवा २८ अंश, टाकीतून पॅनेलमध्ये उतरणारं पाणी २५ अंश. काचेतून आत जाऊन पाण्याला मिळू शकणारी उष्णता उन्हाच्या ७५ टक्के धरू. पॅनेलमधलं पाणी हवेपेक्षा जितके अंश जास्त तापतं, तितकी उष्णता बाहेर निसटते: अंशाला चौरस मीटरमागे साधारण ५ वॅट.

या पद्धतीत पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीकडे चढतं. तासाला ६० लिटर फिरत असेल तर ते ४३ ते ४४ अंशांवर बाहेर पडतं आणि कार्यक्षमता साधारण ७१ टक्के येते. टाकी तासाला ११ अंशांनी तापते.

आता तांब्याच्या नळ्यांत क्षार साचले आणि पाणी तासाला २० लिटरच फिरू लागलं, असं समजा. ते पॅनेलमध्ये जास्त वेळ रेंगाळतं, ७४ अंशांवर बाहेर येतं. पण तापलेल्या पॅनेलची गळतीही वाढते. कार्यक्षमता ६३ टक्क्यांवर घसरते आणि टाकी तासाला १० अंशही चढत नाही. शिवाय क्षाराचा थर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तोटा याहून मोठा असतो.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. नळाचं पाणी पुरत नाही तेव्हा बोअरचं पाणी टाकीत चढतं, आणि नळ्या भरू लागतात. या घरीही बोअरचंच पाणी होतं.

दुखणं ओळखायला भर उन्हात पॅनेलचे दोन्ही पाइप तपासावेत. टाकी थंड असताना दोघांत १५ ते २० अंशांचा फरक ठीक. त्याच्या दुपटीहून जास्त असेल तर वाट तुंबली आहे. फरक फारच कमी असेल तर आधी काचेवरची धूळ बघा.

तुंबलेल्या नळ्या जाणकाराकडून सौम्य आम्लाने धुऊन घ्याव्या लागतात. बोअरवरच भिस्त असेल तर हीट एक्स्चेंजरचा सोलर घ्यावा, कारण त्याच्या पॅनेलमध्ये तेच मऊ पाणी फिरत राहतं. आणि सोलरची परीक्षा पाइपला हात लावून नको. संध्याकाळी टाकीतलं पाणी बादलीत घेऊन थर्मामीटरने मोजा.