पंखा किंचाळतो कशासाठी?

दादरच्या पूर्वेकडील हिंदमाता म्हणजे कापडाची बाजारपेठ. समजा, तेथील एका दुकानात बिले करण्यासाठी संगणक आहे. जानेवारीतल्या सकाळी त्याचा आवाज कोणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात मात्र काम तेवढेच असूनही त्याचा पंखा घोंघावतो आणि मध्येच किंचाळतो. पंखा बिघडला, असे कोणालाही वाटेल. पण तो नेमून दिलेले कामच करीत असतो.

संगणकातील प्रोसेसरची उष्णता धातूच्या पातळ पट्ट्यांच्या एका ठोकळ्यात उतरते आणि पंखा ती हवेबरोबर लोटून देतो. किती तपमानाला किती वेग, हे BIOS या मूळ प्रणालीत एका आलेखाने ठरविलेले असते. आपल्या उदाहरणात ५० अंश सेल्सियसला ४० टक्के वेग, ६० अंशांना ५० टक्के आणि ७० अंशांना पूर्ण वेग, म्हणजे मिनिटाला २००० फेरे, असे धरू.

आता हलक्या कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम राहतो असे माना. जानेवारीत खोली २४ अंश, तर प्रोसेसर ५४. पंख्याचे फेरे ८८०. मे महिन्यात खोली ३३, प्रोसेसर ६३. आलेखाचा चढ नेमका येथेच उभा आहे, म्हणून फेरे १३००! वेग दीडपट झाला की हवाही जवळजवळ दीडपटच मिळते. पंख्याच्या ध्वनीची ऊर्जा मात्र ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताने वाढते. येथे ती सुमारे सातपट होते. थोड्या जास्त हवेसाठी केवढी ही किंमत!

आणि किंचाळणे? बिल उघडताच प्रोसेसर क्षणभर १० अंशांनी तापतो. ७३ अंश दिसताच पंखा पूर्ण वेग घेतो. पण ठोकळा अजून तापलेलाच नसतो, त्यामुळे ती धावपळ जवळजवळ वाया जाते.

उपाय आलेखातच आहे. संगणक सुरू होताना बहुधा Del किंवा F2 कळ दाबली की BIOS उघडते. तेथे ७० अंशांपर्यंत वेग ४५ टक्के ठेवावा आणि ८५ अंशांना पूर्ण करावा. फेरे आता ९०० होतील. प्रोसेसर तीन-चार अंश अधिक, म्हणजे ६७ पर्यंत तापेल. ध्वनीची ऊर्जा मात्र सहाव्या हिश्शावर येईल. वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असल्यास तीही वापरावी, म्हणजे किंचाळणे थांबते. वरचे टोक मात्र पूर्ण वेगावरच हवे. जड कामात तेच उपयोगी पडते.

कापडबाजारात आणखी एक अडचण असते. सुताचे बारीक तंतू पट्ट्यांमध्ये अडकतात. ऋतू तोच, काम तेच आणि तपमान मात्र गतवर्षीपेक्षा जास्त, असे दिसले तर आलेखाला हात लावू नये. वीज बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ कुंचल्याने पट्ट्या साफ कराव्यात. मंद वेगातही खरखर येत असेल, तर पंख्याचे बेअरिंग झिजलेले असते आणि पंखाच बदलावा लागतो.