विश्लेषण : सिमेंटच्या गोणीवर नावे अनेक, पण मालक किती? बाजारातील खरी स्पर्धा कशी मोजतात?

घर बांधायला काढले की सिमेंटच्या दुकानात चार-पाच ब्रँड समोर येतात. दर मात्र जवळपास सारखेच. इतक्या कंपन्या आहेत म्हणजे स्पर्धा आहे, असे आपण धरून चालतो. ते खरे आहे का, हे तपासण्यासाठी दोन साधी गणिते वापरली जातात.

आधी मालक मोजा

चंद्रपूर जिल्ह्यातील पाच मोठे प्रकल्प पाहा. घुग्घुसजवळचा एसीसीचा चांदा, उपरवाहीचा अंबुजाचा मराठा, अल्ट्राटेकचा आवारपूर, गडचांदूरचा माणिकगड आणि नारंड्याचा दालमियाचा प्रकल्प. नावे पाच, पण मालक तीनच. एसीसी आणि अंबुजा २०२२ पासून अदानी समूहाकडे आहेत. त्याआधीही दोन्ही होल्सिम या एकाच परदेशी समूहाच्या ताब्यात होत्या. माणिकगड पूर्वी सेंच्युरीचा होता, २०१९ मध्ये तो अल्ट्राटेककडे आला. म्हणून हिस्सा मोजताना पाटीवरचे नाव नव्हे, तर अंतिम मालक धरावा लागतो.

दोन गणिते कोणती?

पहिले म्हणजे आघाडीच्या चार कंपन्यांचा एकूण हिस्सा. दुसरे म्हणजे हर्फिंडाल-हिर्शमन निर्देशांक, म्हणजेच ‘एचएचआय’. यात प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज करतात. एकच कंपनी असेल तर निर्देशांक १०,०००. कंपन्या जितक्या जास्त आणि समान, तितका तो कमी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ बाजारात चार कंपन्यांकडे प्रत्येकी २० टक्के आणि चार छोट्यांकडे प्रत्येकी ५ टक्के हिस्सा आहे. ‘ब’ बाजारात एकीकडे ५० टक्के, तिघांकडे प्रत्येकी १० आणि चार छोट्यांकडे प्रत्येकी ५ टक्के. दोन्हीकडे पहिल्या चारांचा हिस्सा ८० टक्केच. पण एचएचआय ‘अ’मध्ये १,७०० आणि ‘ब’मध्ये २,९००. एकटी कंपनी किती मोठी आहे, हे पहिल्या गणिताला दिसत नाही, दुसऱ्याला दिसते.

आता ‘अ’मधील २० टक्क्यांच्या दोन कंपन्या एकाच मालकाच्या निघाल्या, असे समजा. आघाडीच्या चारांचा हिस्सा ८० वरून ८५ टक्केच होतो. एचएचआय मात्र १,७०० वरून थेट २,५०० वर जातो. अमेरिकेच्या २०२३ च्या विलीनीकरण मार्गदर्शक तत्त्वांनुसार १,८०० च्या वर गेलेला बाजार ‘अतिकेंद्रित’ समजला जातो. भारताच्या कायद्यात अशी आकड्याची रेषा आखलेली नाही. केंद्रीकरण हा विचारात घ्यायच्या अनेक घटकांपैकी एक आहे.

बाजार कुठपर्यंत धरायचा?

गणित चुकते ते बहुतेक वेळा इथेच. सिमेंट जड आणि किमतीच्या मानाने स्वस्त. ५० किलोची गोणी दूर नेली की वाहतूक खर्चच नफा खातो. त्यामुळे नागपूरच्या ग्राहकासाठी गुजरातच्या किनाऱ्यावरचा कारखाना असून नसल्यासारखा. एखाद्या कंपनीचा देशभरातील हिस्सा १२ टक्के असेल आणि विदर्भात ३०, तर एचएचआयमध्ये तिचे योगदान १४४ ऐवजी ९०० होते. देशाचा सरासरी आकडा घेतला की हे झाकले जाते.

उलट चूकही होते. फक्त चंद्रपूरचे कारखाने मोजले तर केंद्रीकरण फुगते, कारण छत्तीसगड आणि तेलंगणातूनही विदर्भात सिमेंट येऊ शकते. म्हणून त्या भागात कोणाचा कारखाना आहे हे नव्हे, तर त्या भागात कोणी किती सिमेंट विकले हे मोजायला हवे. क्षमतेवरून हिस्सा काढला तर अर्धवट चालणारा कारखानाही पूर्ण मोजला जातो.

निर्देशांक कमी म्हणजे स्पर्धा नक्की?

नाही. कंपन्या अनेक असूनही आपसात ठरवून दर लावू शकतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१६ मध्ये १० सिमेंट कंपन्या आणि त्यांच्या संघटनेला संगनमताबद्दल सुमारे ६,७०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दर, उत्पादन आणि मालाची रवानगी यांची माहिती कंपन्या संघटनेमार्फत एकमेकांना देत होत्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अशी देवाणघेवाण एचएचआयमध्ये उमटत नाही.

म्हणून आकड्याच्या जोडीला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मागणी मंद आणि कारखाने अर्धवट चालत असताना दर वाढतात का? आणि सगळ्यांचे दर एकाच सुमारास, सारख्याच रुपयांनी हलतात का? फक्त दर सोबत हलणे हा संगनमताचा पुरावा नव्हे. कोळसा महागला तरी सगळ्यांचा खर्च एकदमच वाढतो. पण केंद्रित बाजारात, कारण नसताना हे वारंवार घडले, तर दुकानातल्या चार-पाच ब्रँडपैकी निवड करूनही घर बांधणाऱ्याच्या खिशाला फरक पडत नाही.