दुपारची नऊ अंगुळे

वर्ध्यात नोव्हेंबरच्या १ तारखेच्या आसपास करून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. चोवीस सेंटिमीटरची सरळ काडी घ्यायची आणि सपाट फरशीवर ओळंबा लावून अगदी उभी करायची. दोन सेंटिमीटरला एक अंगुळ धरलं की ही काडी बारा अंगुळांची होते. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत सावली मोजण्याचा शंकू बारा अंगुळांचाच असे. सकाळी साडेआठच्या सुमारास या काडीची सावली साडेबावीस अंगुळांवर येते, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर. मग ती आखडत जाते. सव्वाअकराच्या सुमारास नऊ अंगुळांवर येते, बाराच्या ठोक्याला साडेआठपर्यंत उतरते आणि पाऊण वाजता पुन्हा नऊ होते. साडेतीनला थोडा अवकाश असताना परत साडेबावीस.

साडेबावीस आणि नऊ हे आकडे माझे नाहीत, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तल्या एका उदाहरणाचे आहेत. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यांचा नातू चांगदेव याने लावलेला. उदाहरण छोटं आहे. बारा अंगुळांच्या शंकूच्या सावलीतून कर्णाचा तिसरा हिस्सा वजा केला तर चौदा अंगुळे उरतात, तर सावली किती? कर्ण म्हणजे शंकूच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची तिरपी रेघ.

सावलीला x म्हणू. पायथागोरसच्या हिशेबाने कर्ण √(x² + १४४) आहे. सावलीतून त्याचा तिसरा हिस्सा वजा जाऊन चौदा उरायचे, म्हणजे कर्ण ३x − ४२ इतका हवा. दोन्ही बाजूंचा वर्ग करून आवरलं की २x² − ६३x + ४०५ = ० हे वर्गसमीकरण मिळतं आणि त्याची दोन उत्तरं येतात, साडेबावीस आणि नऊ. साडेबावीस घातलं तर कर्ण साडेपंचवीस, त्याचा तिसरा हिस्सा साडेआठ, बाकी चौदा. जमलं. नऊ घातलं तर कर्ण पंधरा, तिसरा हिस्सा पाच, बाकी फक्त चार. भास्कराचार्यांनी नऊ सोडून दिलं, कारण सरळ आहे: वजाबाकी करून चौदा उरवायचे तर मूळ सावली चौदापेक्षा मोठीच हवी.

मग नऊ आलं कुठून? कर्ण ३x − ४२ आहे असं आपण लिहिलं होतं. नऊ घातलं की ३x − ४२ होतं उणे पंधरा. कर्ण अधिक पंधरा. या दोन संख्या एक नाहीत, पण दोघींचा वर्ग २२५. वर्ग करताना चिन्ह पुसलं गेलं आणि पुसलेल्या जागेतून नऊ आत शिरलं.

समीकरणात अशी चूक झाली तर दुरुस्ती सोपी असते. दोनच उत्तरं असतात, दोन्ही मूळ वाक्यात घालून पाहायची आणि जे बसत नाही ते खोडायचं. आमच्याकडे दिवाळीला आलेल्या अकरावीतल्या पुतणीला मी हेच उदाहरण जरा बदलून घातलं. चौदा ‘उरतात’ याऐवजी ‘किमान चौदा उरतात’ असं केलं आणि विचारलं, अशी सावली दिवसात केव्हा केव्हा असते? आता उत्तर म्हणजे एखादी संख्या नाही, संख्यांचा अख्खा पट्टा आहे. एकेक घालून तपासायला आयुष्य पुरणार नाही.

तिने मांडलं ते असं:

√(x² + १४४) ≤ ३x − ४२

वर्ग केला, आवरलं, (x − ९)(२x − ४५) ≥ ० आलं. गुणाकार ऋण व्हायला नको, म्हणजे दोन्ही कंस एकाच चिन्हाचे हवेत. म्हणून x नऊ किंवा कमी, नाहीतर साडेबावीस किंवा जास्त. “काका, सकाळी साडेआठच्या आधी, दुपारी साडेतीननंतर, आणि मधे भर दुपारी दीडेक तास,” ती म्हणाली. आकडेमोडीत एकही चूक नव्हती.

भर दुपारच्या त्या दीड तासात सावली नऊ अंगुळांच्याही आत असते. तिच्यातून काहीही वजा केलं तरी चौदा उरतील कसे? तिच्या वहीत मात्र सगळ्या पायऱ्या नियमाने आल्या होत्या. वर्ग केल्याच्या पायरीवर वाक्य मोडलं होतं आणि त्याचा आवाज आला नव्हता.

आता ते का मोडतं ते पाहू. पुष्कळांची समजूत असते की ‘दोन्ही बाजूंना तेच केलं’ की वाक्य टिकतं. बेरजेत ते खरं आहे. वर्ग करताना आपण दोन्ही बाजूंना तेच करत नसतो. डाव्या a ला a ने गुणतो आणि उजव्या b ला b ने. दोन वेगळ्या संख्यांनी गुणून आधीचाच लहान-मोठेपणा टिकेल अशी आशा धरतो. दोन्ही संख्या शून्य किंवा धन असतील तर ती आशा रास्त आहे. a < b या वाक्याला a ने गुणलं तर a × a हे a × b पेक्षा मोठं होत नाही. त्याच वाक्याला b ने गुणलं तर a × b हे b × b पेक्षा लहान राहतं. दोन्ही जोडले की a² < b². यात a ऋण असेल तर पहिल्याच गुणाकारात चिन्ह उलटतं आणि साखळी तुटते.

हिंगणघाटच्या बाजारातलं उदाहरण घ्या. एकाला कापसाच्या सौद्यात पाच हजारांचा तोटा झाला, दुसऱ्याला तीन हजारांचा नफा. −५ < ३ हे शेंबडं पोरही सांगेल. वर्ग केला की २५ आणि ९, आणि तोटेवाला पुढे. कारण वर्गाला तोटा-नफा कळत नाही, रक्कम किती मोठी एवढंच कळतं. म्हणून केवल मूल्यांची तुलना असेल, म्हणजे |a| < |b| असं वाक्य असेल, तर डोळे मिटून वर्ग करावा. तिथे चिन्ह आधीच पुसलेलं असतं.

‘दोन्ही बाजू ऋण नसाव्यात’ हा नियम शाळेत सांगतात. तो बरोबर आहे, पण जरा जास्तच सावध आहे. −३ < ५ यात एक बाजू ऋण आहे, तरी ९ < २५ खरंच आहे. नेमकी किल्ली आपण नववीत घोकलेल्या सूत्रात आहे:

b² − a² = (b − a)(b + a)

डावीकडे वर्गांची तुलना आहे, उजवीकडे पहिल्या कंसात मूळ संख्यांची. दुसरा कंस, म्हणजे दोघांची बेरीज, धन असेल तर दोन्ही तुलना जुळतात. बेरीज ऋण असेल तर वर्गांनी सांगितलेलं नेमकं उलटं असतं. बेरीज शून्य असेल तर वर्ग सारखेच येतात आणि −३ < ३ मधला लहान-मोठेपणा ९ = ९ मध्ये विरून जातो.

हे सावलीला लावलं तर नऊचा उलगडा आणखी पुढे जातो. सावली सहा अंगुळे धरा. कर्ण सुमारे १३.४ आणि ३x − ४२ म्हणजे उणे २४. दोघांची बेरीज ऋण, म्हणून वर्ग खोटं बोलले. आता सावली दहा अंगुळे धरा. कर्ण सुमारे १५.६ आणि दुसरी बाजू उणे १२. इथेही ती बाजू ऋणच आहे, पण बेरीज धन आहे. त्यामुळे वर्ग करण्याआधी वाक्य खोटं होतं आणि केल्यावरही खोटंच राहिलं. फसवणूक चौदाच्या खाली सुरू होत नाही, नऊच्या खाली होते. नऊ म्हणजे जिथे कर्ण आणि ३x − ४२ यांची बेरीज बरोबर शून्य होते ती जागा. भास्कराचार्यांनी टाकून दिलेला आकडा म्हणजे वर्ग जिथून उलटं बोलू लागतात तिथला दगड आहे. मला हे सापडलं तेव्हा चहा गार झाला होता.

व्यवहारात मात्र दर वेळी बेरजेचं चिन्ह शोधत बसणं किचकट होतं. तिथे शाळेचा सावध नियमच बरा. वर्गमूळ लहान बाजूला असेल तर मोठी बाजू ऋण असूच शकत नाही. म्हणून वर्ग करायच्या आधी कागदावर लिहून ठेवायचं: ३x − ४२ ≥ ०, म्हणजे x किमान चौदा. मग वर्ग करून आलेल्या उत्तराला ही चाळणी लावायची. नऊखालचा पट्टा गळतो, साडेबावीस आणि त्यावरचा राहतो.

चिन्ह उलटं असेल तेव्हा खरी गंमत आहे, कारण तिथे जास्तीचं उत्तर येत नाही, असलेलं हरवतं. ‘जास्तीत जास्त चौदा उरतात’ असा प्रश्न घाला:

√(x² + १४४) ≥ ३x − ४२

सरळ वर्ग केला तर उत्तर येतं नऊ ते साडेबावीस. म्हणजे सकाळी साडेआठ ते सव्वाअकरा, आणि पाऊण ते साडेतीनच्या आधीपर्यंत. दुपारचा दीड तास गायब! पण त्या वेळी तर चौदापेक्षा कितीतरी कमी उरतात, वाक्य ढळढळीत खरं असतं. इथे चाळणी लावून भागत नाही, प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात. उजवी बाजू ऋण असेल, म्हणजे सावली चौदाच्या आत असेल, तर वर्ग करायचाच नाही, कारण कर्ण ऋण संख्येपेक्षा मोठा असणारच. सावली चौदा किंवा जास्त असेल तर वर्ग करायचा, तिथे साडेबावीसची हद्द मिळते. दोन्ही भाग जोडले की साडेबावीसपर्यंतची प्रत्येक सावली चालते. जास्तीचं उत्तर तपासताना सापडतं. हरवलेलं सापडत नाही, कारण तपासायला ते हातात नसतं. म्हणून मी पट्टे पाडून घेतो. नऊ, चौदा, साडेबावीस या खुणा रेघेवर करायच्या आणि प्रत्येक पट्ट्यातली एक सोपी संख्या मूळ वाक्यात घालून पाहायची, उत्तरात आलेल्या पट्ट्यांतली आणि न आलेल्यांतलीही.

आणखी एक भोक आहे, ते या उदाहरणात दिसत नाही कारण x² + १४४ कधी ऋण होत नाही. √(x − १४) < ३ असं असतं तर वर्ग करून x < २३ आलं असतं, आणि x चौदाच्या खाली गेला तर वर्गमूळच उरत नाही ही गोष्ट निसटली असती. दोन्ही बाजू ऋण नव्हत्या, तरी मुळाखालची अट वर्गाबरोबर पुसली गेली.

पुतणीला कागदावरचं पटलं होतं, पण समाधान झालं नव्हतं. बारा वाजता ती सुतळी आणि मोजपट्टी घेऊन अंगणात गेली. सावली सतरा सेंटिमीटरला किंचित कमी भरली. काडीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत सुतळी ताणली तर साधारण साडेएकोणतीस. तिसरा हिस्सा जवळपास दहा, उरले सात. हवे होते अठ्ठावीस. सावलीचं टोक पुसट असतं, सूर्य ठिपका नसून थाळी आहे म्हणून. एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, पण सातचे अठ्ठावीस होत नाहीत.

दुपारी सव्वातीनला ती पुन्हा जाऊन बसली. सावली लांबत फरशीवरच्या पंचेचाळीसच्या खुणेला लागली तेव्हा तिने सुतळी ताणली आणि मापली, एक्कावन. तिची तीन पदरी घडी घालून एक पदर सावलीवर ठेवला, आणि उरलेल्या जागेवर मोजपट्टी लावून मला हाक मारली.