चुकलेला ठोका आणि जागे मन

घाबरलेल्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकला, असे आपण म्हणतो. शरीरात घडते ते बहुधा याच्या उलट असते. ठोका चुकत नाही, तो वेळेआधी पडतो. आणि कित्येकांच्या बाबतीत भीतीने ठोका बदलत नाही. ठोका आधी जाणवतो, भीती मागाहून येते. स्वतःच्या छातीकडे सतत कान लावून बसलेल्या माणसांचे दुखणे समजून घ्यायचे, तर हा क्रम नीट पाहावा लागतो.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातला चाळिशीचा एक यंत्रमाग कामगार आहे. दिवसभर मागांच्या खडखडाटात त्याला स्वतःचे बोलणेही ऐकू येत नाही. रात्री तो डाव्या कुशीवर आडवा होतो. या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकते, त्यात घर शांत. त्याची नाडी मिनिटाला 75 आहे, म्हणजे दर 0.8 सेकंदाला एक ठोका. अशात एक ठोका 0.5 सेकंदालाच पडतो. हृदय पुरते भरलेलेच नसते, म्हणून हा ठोका क्षीण असतो आणि जाणवतही नाही. त्याच्या पाठोपाठचा नेहमीचा ठोका गळतो आणि पुढचा थेट 1.6 सेकंदाला येतो. मधल्या 1.1 सेकंदात हृदयात जास्त रक्त साठते, त्यामुळे तो ठोका धडकन आपटतो. माणसाला कळते ते एवढेच : हृदय थांबले आणि मग धडकले. असे जादा ठोके निरोगी माणसांनाही पडतात. दिवसाच्या सुमारे एक लाख ठोक्यांत ते बहुधा कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

आपल्या कामगाराच्या मात्र ते ध्यानात आले. शेजारच्या कुणाला नुकताच झटका आलेला असेल, तर मनात पहिला विचार तोच येतो. भीतीने ॲड्रिनलिन वाढते, नाडी 75 वरून 110 वर जाते, जादा ठोके आणखी पडू शकतात. तो मनगट धरून मोजू लागतो. मोजण्याने लक्ष आणखी तिथेच खिळते. आता श्वासही त्याच्या नजरेत येतो. श्वास पुरत नाही असे वाटून तो खोल आणि भराभर घेऊ लागतो. प्राणवायू आधीच पुरेसा असतो. त्यामुळे जास्तीच्या श्वासाने फक्त रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून गरगरते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. गंमत अशी, की जीव गुदमरतोय असे वाटत असताना बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 98 किंवा 99 दाखवतो. पण मुंग्या हा त्याला झटक्याचा पुरावा वाटतो आणि चक्राला आणखी एक फेरा मिळतो.

हे नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड, धाप आणि छातीतली कळ पाहून जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी 1871 मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांना दोष हृदयात वाटला. पुढे 1941 मध्ये लंडनचे हृदयतज्ज्ञ पॉल वुड यांनी मांडले, की या दुखण्याचे मूळ हृदयात नसून भीतीत आहे. भीतीला खऱ्या धडधडीचीही गरज नसते. 1988 मध्ये आन्के एहलर्स आणि सहकाऱ्यांनी घबराटीचे झटके येणाऱ्यांना त्यांच्या नाडीचा वेग अचानक वाढल्याचा खोटाच आवाज ऐकवला. ज्यांना तो खरा वाटला, त्यांची चिंता वाढलीच. शिवाय नाडी आणि रक्तदाबही खरोखर वाढले. निरोगी माणसांवर तसा परिणाम झाला नाही.

म्हणून उपाय ठोक्यावर नसून त्याच्या अर्थावर करावा लागतो. त्याआधी एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी हवी, कारण रक्त कमी असणे किंवा थायरॉइड वाढणे यांनीही धडधडते. चालताना किंवा जिना चढताना छाती आवळणे, कळ हातात वा जबड्यात जाणे, शुद्ध हरपणे, आडवे होताच धाप लागणे, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काही असेल तर हे सारे मनाचे म्हणून सोडून देऊ नये. छातीत कळ आत्ता चालू असेल, तर थेट दवाखाना गाठावा.

तपासणी निर्दोष निघाल्यावर दर पंधरवड्याला नवा ईसीजी काढणे मात्र नाडी मोजण्याचेच मोठे रूप ठरते. दिलासा दोन दिवस टिकतो, मग पुन्हा शंका. त्याऐवजी मानसोपचारात उलट वाट धरतात. माणसाला मुद्दाम दोन मजले चढायला लावतात, किंवा एक मिनिट भराभर श्वास घ्यायला लावतात. तीच धडधड, त्याच मुंग्या येतात. पण या वेळी त्या का आल्या हे त्याला ठाऊक असते. मनगटाला हात न लावता तो थांबतो आणि काही मिनिटांत सारे आपोआप ओसरते. असे अनेकदा घडले, की ठोका जाणवला तरी त्याचा निरोप बदलतो. जादा ठोके पुढेही पडतातच. फक्त रात्री उठून बसायला लावत नाहीत.