आमरसाच्या डब्याला पत्रा किती लागतो?

कोकणातला बराचसा आंबा कॅनिंगला जातो आणि त्याचा रस पत्र्याच्या गोल डब्यात बंद होऊन वर्षभर घरोघरी पोचतो. रस तेवढाच ठेवून डबा उंच, सडपातळ करता येईल किंवा बुटका, पसरटही. पत्रा मात्र दोन्हींना सारखा लागत नाही. मग सगळ्यात कमी पत्र्यात बसणारा डबा कोणता?

हिशेब सोपा जावा म्हणून डबा एक लिटरचा, म्हणजे १००० घन सेंमीचा धरू. त्रिज्या १ सेंमी घेतली, तर डब्याची तीन मीटरहून उंच नळी होते आणि सुमारे २००६ चौरस सेंमी पत्रा लागतो. त्रिज्या २० सेंमी केली, तर उंची जेमतेम ०.८ सेंमी उरते, जणू परातच, आणि पत्रा २६१३ चौरस सेंमीवर जातो. पहिल्या डब्यात पत्रा भिंत खाते, दुसऱ्यात झाकण आणि बूड. त्रिज्या r धरली आणि उंची घनफळावरून काढली, तर एकूण पत्रा असा:

A = २πr² + २०००/r

पहिलं पद झाकण-बुडाचं, दुसरं भिंतीचं. त्रिज्या किंचित वाढवली की पहिलं वाढतं, दुसरं घटतं. ही वाढ-घट किती वेगानं होते ते अवकलज सांगतो: ४πr − २०००/r². झाकणावर वाढलेला पत्रा आणि भिंतीत वाचलेला पत्रा जिथे नेमके सारखे होतात, तिथे हा अवकलज शून्य होतो. त्यावरून r³ = ५००/π, म्हणजे त्रिज्या सुमारे ५.४२ सेंमी आणि उंची सुमारे १०.८४ सेंमी. उंची व्यासाइतकीच! पत्रा लागतो सुमारे ५५३.६ चौरस सेंमी.

पुष्कळ विद्यार्थी इथेच उत्तराखाली रेघ मारतात. पण अवकलज शून्य म्हणजे वाट तिथे सपाट आहे, एवढंच कळलं. डोंगराचा माथाही सपाट असतो आणि दरीचा तळही. प्रश्न उलटा करून पाहा: पत्रा ५५३.६ चौरस सेंमी ठरलेला आहे, त्यात जास्तीत जास्त रस मावेल असा डबा करायचा. तिथेही अवकलज शून्य होतो तो ५.४२ सेंमी त्रिज्येलाच, पण तो बिंदू माथ्याचा असतो. नुसत्या शून्यावरून हा फरक ओळखता येत नाही.

तो ओळखायला दुसरा अवकलज काढायचा, म्हणजे उतार स्वतः कसा बदलतो ते पाहायचं. आपल्या डब्यासाठी तो ४π + ४०००/r³ येतो. ५.४२ ला त्याची किंमत १२π, म्हणजे सुमारे ३७.७. धन आहे, म्हणून हा तळ. (उलट्या प्रश्नात तो −६πr, म्हणजे ऋण येतो.) पण एका बिंदूवर धन येणं म्हणजे फक्त आसपासच्या डब्यांत हा सगळ्यात काटकसरीचा. दूर कुठे याहून खोल तळ नसेल कशावरून? त्रिज्या कुठलीही घ्या, ४π आणि ४०००/r³ दोन्ही धनच असतात. म्हणजे उतार सतत वाढत जातो, शून्यातून एकदाच जातो. आधी ऋण, नंतर धन. त्यामुळे दुसरा तळ असूच शकत नाही. माझ्या मते सगळ्या गणितातली खरी सुंदर जागा ही आहे.

त्या ३७.७ चा आणखी एक उपयोग आहे. योग्य त्रिज्या थोडी चुकली, तर जादा पत्रा अंदाजे चुकीच्या वर्गाला ३७.७ च्या निम्म्यानं गुणून मिळतो. त्रिज्या ५ घेतली, तर चूक ०.४२ ची आणि अंदाज ३.३ चौरस सेंमीचा. प्रत्यक्षात पत्रा ५५७.१ होतो, म्हणजे साडेतीननं जास्त. एक टक्कासुद्धा नाही. तळ इतका पसरट असल्यामुळे डब्याचा आकार इकडेतिकडे करायला कारखानदाराला मोकळीक मिळते.

कारखान्यात तशी गरजही पडते, कारण पत्रा चौकोनी असतो आणि झाकण गोल. प्रत्येक झाकणासाठी पूर्ण चौकोन खर्ची धरला, तर कोपऱ्यांची कात्रण वाया जाते आणि सूत्रातल्या २πr² च्या जागी ८r² येतं. आता अवकलज शून्य होतो तो नेमक्या ५ सेंमीला. दुसरा अवकलज १६ + ४०००/१२५, म्हणजे ४८, पुन्हा धन. उंची येते १२.७ सेंमी, व्यासाच्या सुमारे सव्वापट. झाकणं मधाच्या पोळ्यासारखी एकाआड एक रचून कापली, तर कात्रण कमी होते आणि हे प्रमाण १.१ पर्यंत उतरतं. बाजारातल्या ८५० ग्रॅम आमरसाच्या डब्याला पट्टी लावली, तर व्यास सुमारे १० सेंमी आणि उंची सुमारे १२ सेंमी भरते.