मराठी-इंग्रजी पोस्टरसाठी फॉन्ट निवडताना

देवनागरी अक्षराच्या वर रफार, वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार बसतात. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटे येतात. रोमन अक्षरांवर एवढा भार नसतो. त्यामुळे इंग्रजी मजकुराला शोभणारे आकार आणि ओळींतले अंतर मराठीला तसेच लावले की मजकूर दाटतो.

‘सह्याद्रीतील किल्ले’ या छायाचित्र प्रदर्शनाचे ए-२ आकाराचे पोस्टर उदाहरणादाखल घेता येईल. खाली वेळ, ठिकाण, रोमन लिपीत ‘डीएसएलआर’ हा शब्द आणि ईमेलचा पत्ता आहे. फॉन्टची परीक्षा ‘कमल’सारख्या सोप्या शब्दावर होत नाही. ‘सह्याद्री’, ‘किल्ल्यांवर’, ‘दुसऱ्या’, ‘वर्षीं’ हे शब्द टाइप करून पाहावेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा न दिसता य-वर रफार चढला, तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, तर मात्र दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडावा लागतो.

मथळ्याला बलू चालेल. जाड, गोलसर अक्षरांचा हा फॉन्ट लांबूनही लक्ष वेधतो. परिच्छेदात मात्र तो वापरू नये, कारण लहान आकारात ‘भ’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या आतल्या पोकळ्या भरून येतात. मजकुरासाठी मुक्ता बरा. हे दोन्ही फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे असून मोफत मिळतात. मुक्ताच्या सात जाडी आहेत, शिवाय त्याची रोमन अक्षरे देवनागरीच्या जोडीनेच घडवलेली आहेत. इंग्रजी शब्दांसाठी वेगळा फॉन्ट शोधण्याचे काम त्यामुळे वाचते. वेगळा घ्यायचाच असेल, तर रेषांची जाडी जुळते का ते आधी पाहावे.

या पोस्टरवर मथळा सुमारे १२० पॉइंट आणि मजकूर २६ पॉइंट ठेवता येईल. मजकुराच्या दोन ओळींत ३८ ते ४० पॉइंट अंतर हवे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. रोमनमधला ‘डीएसएलआर’ पूर्ण कॅपिटलमध्ये असल्याने शेजारच्या मराठी शब्दांहून मोठा भासतो. तो २३-२४ पॉइंटवर आणला की ओळ सारखी दिसते. ईमेलचा पत्ता लहान लिपीत असल्याने त्याला हा उपाय लागत नाही.

मथळा रुंद दिसावा म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवणे ही हमखास होणारी चूक आहे. इंग्रजीत ते खपते, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. जागा उरत असेल, तर अक्षराचा आकार वाढवावा.

छपाईला देण्यापूर्वी एक प्रत खऱ्या आकारात काढून भिंतीवर लावावी. मथळा दहा फुटांवरून आणि तारीख-वेळ चार फुटांवरून अडखळत वाचावी लागली, तर फॉन्ट बदलण्याआधी आकार आणि ओळींतले अंतर वाढवून पाहावे.